गो खेळाचं इंजिन लिहितोय. एका चालीत दोन गट एकदम मरतात, अशा केसेसच्या युनिट टेस्ट कशा लिहायच्या? कव्हरेज किती टक्के पुरेसं?

कव्हरेजचं नाव काढू नका. खाली सांगतोय त्या कोडचं कव्हरेज पूर्ण होतं, एकही ओळ सुटलेली नव्हती, आणि तरी निकाल चुकत होते.

आमच्या टीममध्ये एक सीनियर होते. 'एकदम' हा शब्द आला की त्यांचा ठरलेला सल्ला असायचा: आधी मेलेले सगळे गट यादीत गोळा करा, मग एका फटक्यात उचला, नाहीतर क्रमाचा घोळ होईल. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. माझं म्हणणं होतं की गोमध्ये याची गरजच नाही. शेजारी-शेजारी असलेले एकाच रंगाचे दोन खडे एकाच गटाचे असतात, म्हणजे त्याच रंगाचे दोन वेगळे गट एकमेकांना चिकटूच शकत नाहीत. मग एक पांढरा गट उचलल्याने दुसऱ्या पांढऱ्या गटाला नवी लिबर्टी कुठून मिळणार? क्रम महत्त्वाचा आहे तो फक्त रंगांमध्ये: आधी समोरच्याचे मेलेले खडे उचलायचे, मगच आपल्याला लिबर्टी उरली का ते बघायचं. यावर मला "तू थिअरी झाडतोस" असं उत्तर मिळालं आणि कोड त्यांच्या पद्धतीने झाला:

```python
dead = []
for p in neighbours(pos):
    if stone[p] == enemy and no_liberty(p):
        dead += group(p)
prisoners += len(dead)
for p in dead:
    stone[p] = EMPTY
```

आता हा पट बघा. X काळा, O पांढरा, चाल काळ्याची, वरच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणजे (0,0) वर.

```
. O X . .
O O X . .
X X . . .
. . . . .
. . . . .
```

पांढऱ्याचा तीन खड्यांचा एकच गट आहे आणि त्याची शेवटची लिबर्टी म्हणजे तो कोपरा. काळा खडा तिथे बसला की त्याला उजवीकडूनही पांढरा लागतो आणि खालूनही. लूप दोनदा फिरतो, तोच गट दोनदा `dead` मध्ये जातो आणि कैदी होतात सहा. पट मात्र अगदी बरोबर दिसतो, कारण रिकामी जागा पुन्हा रिकामी केली तर काहीच बिघडत नाही. सरांच्या सगळ्या टेस्ट चालीनंतरचा पट तपासत होत्या. कैदी कोणी मोजलेच नव्हते.

हे बराच काळ कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमचं इंजिन चिनी पद्धतीने गुण मोजत होतं. तिथे पटावरचे आपले खडे आणि वेढलेली जागा मोजतात, कैद्यांना किंमत नाही. पुढे जपानी पद्धत जोडली. तिथे प्रत्येक कैदी एक गुण, आणि मग खेळणाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या की हातावर मोजलेला निकाल आणि स्क्रीनवरचा निकाल जुळत नाही. सरांनी आठवडाभर मोजणीचा कोड उसवला. तो बिचारा निर्दोष होता.

तर टेस्ट अशी लिहा. पट अक्षरांनी काढा, म्हणजे सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला आकड्यांच्या जोड्या डोक्यात मांडत बसावं लागणार नाही. एका टेस्टमध्ये एकच चाल ठेवा. आणि पट, कैदी, को या तिन्ही गोष्टी तपासा:

```python
r = board(BEFORE).play("X", 0, 0)
assert r.board == board(AFTER)
assert r.captured == 3
assert r.ko is None
```

आत्मघाती चालीची तपासणी उचलण्याआधी केलेली असेल, तर ही टेस्ट पहिल्याच ओळीला पडेल, कारण बसताक्षणी काळ्याला एकही लिबर्टी नाही. पटात लिबर्टी मुबलक ठेवून लिहिलेल्या टेस्टमध्ये ही चूक कधीच सापडत नाही.

आता तुमची खरी केस, दोन वेगळे गट. मधला पांढरा काढून तिथे काळा ठेवा, आणि त्याच्या उजवीकडचा आणि खालचा काळा काढून टाका:

```
. O X . .
O X . . .
X . . . .
. . . . .
. . . . .
```

काळा पुन्हा कोपऱ्यात खेळला की दोन सुटे पांढरे खडे मरतात. इथे कैदी दोनच येतात, ते चुकत नाहीत. चुकतो तो को. अनेकजण लूपच्या आतच लिहितात की मेलेला गट एका खड्याचा असेल तर त्या जागी को लावा. इथे दोन्ही गट एकेका खड्याचे, म्हणून शेवटी पाहिलेल्या जागेवर को लागतो, जो लागायला नको. गंमत अशी की "पांढऱ्याने लगेच तिथे खेळू नये" एवढीच टेस्ट लिहिली तर ती पास होते! कारण तिथे पांढऱ्याची चाल आत्मघाती असल्यामुळे तशीही बाद आहे. चाल बाद झाली एवढं बघून थांबू नका, कोणत्या कारणाने झाली तेही टेस्टमध्ये लिहा.

हीच ढिसाळ अट स्नॅपबॅकमध्ये उलट्या बाजूने नडते, आणि तिथे खेळणारा चिडतो:

```
. X O X .
O O O X .
X X X . .
. . . . .
. . . . .
```

पांढरा कोपऱ्यात खेळून एकटा काळा खडा उचलतो. आता पांढऱ्याचा पाच खड्यांचा गट झाला, पण त्याची एकुलती लिबर्टी म्हणजे नुकती रिकामी झालेली जागा. काळा तिथेच परत बसून पाचही उचलतो, आणि हे पूर्णपणे वैध आहे. तुमचं इंजिन इथे को म्हणून अडवत असेल तर अट अपुरी आहे. साधा को तेव्हाच, जेव्हा एकूण एकच खडा मेला, मारणारा खडा एकटाच आहे आणि त्याला एकच लिबर्टी उरली आहे. शिवाय काळ्याच्या या खड्याला तिन्ही बाजूंनी तोच पांढरा गट लागतो, म्हणजे वरच्या लूपने पाचाचे पंधरा कैदी केले असते.

सरांचा दुसरा आग्रह होता की हे असले कोपरे काढत बसण्यापेक्षा दोन बॉट रात्रभर यादृच्छिक खेळवा, क्रॅश झाला नाही म्हणजे इंजिन ठीक. क्रॅश कशाला होईल? चुकीचं गणित क्रॅश होत नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ती कल्पना टाकाऊ नव्हती. प्रत्येक चालीनंतर एवढं एक तपासलं असतं तर पहिल्याच रात्री चोर सापडला असता: पांढऱ्याने आजवर ठेवलेले खडे म्हणजे पटावरचे पांढरे अधिक काळ्याकडचे कैदी. त्यांनी ते तपासलं नाही आणि मी सुचवलं तेव्हा "कामगिरी मंदावेल" म्हणाले. टेस्टमध्ये!

आणखी दोन गोष्टी. आत्मघाती चाल जपानी आणि चिनी नियमांत बंद आहे, न्यूझीलंडच्या नियमांत चालते, तेव्हा कोणते नियम धरलेत ते टेस्टच्या नावातच येऊ द्या. आणि तीन रंगांचा गो करणार असाल तर माझा वरचा युक्तिवाद लागू नाही. तिथे लाल गट उचलल्याने शेजारच्या पांढऱ्याला लिबर्टी मिळू शकते, म्हणजे क्रमाने निकाल बदलतो, आणि सरांची आधी गोळा करायची पद्धतच वापरावी लागेल. फक्त यादीऐवजी `set` घ्या.