पहिल्या परदेशी ऑर्डरला पैशांची अट कशी लिहावी

नव्या गिऱ्हाइकाला उधारीवर माल नकोच. पूर्ण आगाऊ मागितले तर तो बिचकतो. मधला मार्ग डी/पी, म्हणजे ‘डॉक्युमेंट्स अगेन्स्ट पेमेंट’: यात पैसे भरल्यावरच बँक त्याला माल सोडवायची कागदपत्रं देते, पण त्याने ती सोडवलीच नाहीत तर बँक जबाबदार नसते. माल बंदरात अडकतो आणि भाडं तुमच्यावर चढतं. म्हणून आगाऊ रक्कम निदान त्या तोट्याइतकी ठेवा. माल १०,००० डॉलरचा, परत आणायचा खर्च २,५०० असेल, तर लिहा: “३० टक्के आगाऊ, उरलेले डी/पी ॲट साइट.” ‘ॲट साइट’ म्हणजे कागदपत्रं समोर येताच पैसे. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजाने पाठवलेल्या मालाचा मालकीचा कागद, ‘टू ऑर्डर’ काढा, म्हणजे सही करून पुढे देता येईल असा; थेट गिऱ्हाइकाच्या नावाने नको. विमानाने पाठवताना मात्र डी/पी जवळपास निरुपयोगी: तिथे मिळणारं एअरवे बिल मालकीचा कागद नाही, ज्याच्या नावाने माल त्याला तो मिळतो.