आरशातला चेहरा आणि उलटवलेली सेल्फी

“आरशात मी ठीक दिसते. पण सेल्फी उलटवून पाहिली आणि हनुवटी एका बाजूला गेलेली, नाक मोठं, एक डोळा खाली. लोकांना मी अशीच दिसते का? बायोडेटासाठी फोटोच काढवत नाहीये.”

सांगलीतल्या हळदीच्या पेढीवर हिशेब बघणारी ही तेवीस वर्षांची मुलगी आईला घेऊन आली होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिलं काम म्हणजे कुठला फोटो खरा, ते ठरवणं. सेल्फी काढताना फोनचा पडदा आरशासारखंच दाखवतो, पण जतन करताना काही फोन तसाच ठेवतात, काही सुलटा करतात. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये `Mirror Front Camera`, सॅमसंगमध्ये `Save selfies as previewed` हा पर्याय चालू असेल तर आरशातलीच प्रतिमा जतन होते. सेटिंग सापडलं नाही तर अंगावरचा पदर बघायचा. डाव्या खांद्यावरचा पदर फोटोत आपल्या उजव्या हाताला आला, तर तो लोकांना दिसणारा चेहरा. हिच्या फोनमध्ये पर्याय चालू होता, म्हणजे उलटवल्यावर दिसला तो खराच होता. पर्याय बंद असता तर उलटवून तिला पुन्हा आरशातलाच चेहरा मिळाला असता. या गफलतीत बरेच जण अडकतात.

मग तो इतका वाकडा का वाटला? तिच्या फोटोची चेहऱ्याएवढी मोठी प्रत काढून दोन डोळ्यांच्या मध्यातून सरळ उभी रेघ मारली. हनुवटी रेघेपासून साधारण 2 मिलिमीटर बाजूला होती. एवढा फरक बहुतेकांच्या चेहऱ्यात असतो. मात्र आरशात तो रोज एकाच बाजूला दिसतो आणि डोळ्यांना तीच जागा सरळ वाटू लागते. प्रतिमा उलटली की हनुवटी दुसऱ्या बाजूला 2 मिलिमीटर जाते, म्हणजे सवयीच्या जागेपासून 4. तिला खटकत होतं ते हे दुप्पट अंतर. त्यात ती दोन्ही फोटो एकामागून एक सारखे बदलून बघायची. तसं केलं की हनुवटी उडी मारल्यासारखी दिसते, म्हणून ते आधी बंद करायला सांगितलं.

नाकाची गोष्ट वेगळी. त्याचा डाव्या-उजव्याशी संबंध नाही, फोनच्या अंतराशी आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी गणितानुसार, 30 सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. म्हणून फोन दीड मीटरवर स्टँडला लावला, मागचा कॅमेरा आणि 10 सेकंदांचा टायमर वापरून फोटो काढला आणि नंतर कडा कापल्या. नाकाची तक्रार तिथेच मिटली. हनुवटीची राहिली.

त्या फोटोच्या दोन प्रती काढल्या, एक खरी, एक आरशासारखी. मायलेकींना वेगवेगळं विचारलं. लेकीने आरशातली निवडली. आईने खरी निवडली आणि दुसरीकडे बोट दाखवून म्हणाली, “ही आमची बाई वाटतच नाही.” मीटा, डर्मर आणि नाइट यांनी 1977 मध्ये हाच प्रयोग केला होता आणि कल असाच दिसला होता: स्वतःला आरशातली, जवळच्या माणसांना खरी प्रतिमा जास्त आवडते. जी रोज बघतो ती बरी वाटते.

सवय लावण्यासाठी चौकट नसलेले, फूटभराचे दोन सपाट आरसे कडेला कड लावून काटकोनात उभे केले. सांध्याकडे बघितलं की लोकांना दिसणारा चेहरा दिसतो. उजवा डोळा मिटला आणि समोर डाव्या हाताकडचा मिटला, तर मांडणी बरोबर. कोन चुकला की सांध्यापाशी चेहरा अरुंद किंवा रुंद होतो, आणि तो दोष चेहऱ्याच्या माथी मारला जातो. रोज पाच मिनिटं त्यात बघत बोलायचं, एवढंच. निरखायचं नाही, मोजायचं नाही. (टिकली मात्र त्यात लावू नये, हात हमखास उलटा जातो.) शिवाय आईने एक दिवसाआड दीड मीटरवरून दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा आणि मुलीने तो न थांबवता एकदाच बघायचा. स्थिर फोटोत नजर एका जागी चिकटते, बोलत्या चेहऱ्यात तेवढी चिकटत नाही.

काही आठवड्यांनी खरा चेहरा तिला आवडू लागला असं नाही, दचकणं थांबलं. बायोडेटाचा फोटो आईने निवडला.

मात्र दिसण्याच्या विचारात रोज तासाभराहून जास्त वेळ जात असेल, त्यापायी कामावर जाणं टळत असेल किंवा घरच्यांना तेच तेच विचारलं जात असेल, तर आरशांचा हा सराव करू नये. तपासत राहण्याची सवय त्याने वाढू शकते. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं, किंवा सुरुवातीला टेली-मानसच्या 14416 वर बोलावं. आणि चेहऱ्याची एक बाजू अचानक ओघळली, डोळा मिटेना किंवा बोलणं अडखळू लागलं, तर फोटो बघत न बसता लगेच रुग्णालय गाठावं.