‘तुमचं स्टोरेज भरलं आहे, खातं बंद होईल’ असे ईमेल आणि मेसेज सारखे येतात. त्यातला खरा कोणता आणि खोटा कोणता, हे नेमकं कसं ओळखायचं?

ओळखत बसू नका. कंटाळून म्हणत नाही, ओळखायला गेले आणि फसले म्हणून सांगते.

मी सांगलीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. मेलबॉक्स ऑफिसच्या स्वतःच्या डोमेनवर, होस्टिंगवाल्याकडे घेतलेला, जागा दोन जीबी. दोन जीबी म्हणजे जुलैत काहीच नाही. लोक फॉर्म सोळा आणि बँकेची स्टेटमेंटं मोबाईलवर फोटो काढून पाठवतात, एकेक मेल पंधरा-वीस एमबीचा. त्यामुळे मेलबॉक्स भरल्याची खरी सूचना आम्हाला दरवर्षी येते. २०२२ सालीही जुलैच्या मध्यावर आली होती, मी जुने मेल उडवून जागा केली होती. हे मुद्दाम सांगतेय, कारण भाऊजींना हा भाग ऐकायचाच नसतो.

२९ जुलै २०२२, शुक्रवार. रिटर्नची मुदत ३१ तारखेची, वाढणार की नाही यावर ऑफिसात दिवसभर पैजा चाललेल्या. दुपारी तीनच्या सुमारास मेल आला: मेलबॉक्स ९८ टक्के भरला आहे, आलेले सात मेल अडवून ठेवले आहेत, सोडवण्यासाठी इथे दाबा. माझ्या डोळ्यासमोर सात गिऱ्हाईकांचे सात फॉर्म सोळा उभे राहिले. दाबलं.

पान उघडलं त्यावर आमच्या ऑफिसचा लोगो होता. ईमेल पत्ता आधीच भरलेला, फक्त पासवर्डचा रकाना मोकळा. मी पासवर्ड टाकला, तर ‘चुकीचा पासवर्ड’ आलं. कॅप्स लॉक राहिला असेल म्हणून सावकाश पुन्हा टाकला. मग पान फिरलं आणि आमचीच खरी वेबसाइट उघडली. मला वाटलं झालं काम. पुन्हा रिटर्नांत डोकं घातलं.

यातली एकेक गोष्ट नंतर समजली. ‘चुकीचा पासवर्ड’ हे ते पान पहिल्या वेळी कुणालाही सांगतं, म्हणजे तुम्ही दुसऱ्यांदा नीट टाइप करता आणि त्यांना खात्रीचा पासवर्ड मिळतो. लोगो आमच्याच वेबसाइटवरून उचललेला, तेही आपोआप. आणि पत्ता आधीच भरलेला कसा? तो लिंकमध्येच होता. नावं बदलून लिंक देते:

```
https://webmail.office.example.quota-check.test/#desk@office.example
```

`#` च्या पुढे माझा ईमेल पत्ता आहे, ते पान तिथून तो वाचून रकान्यात भरतं. एकच सापळा हजार लोकांना पाठवला तरी प्रत्येकाला तो आपल्या नावाचा दिसतो. आता मालक कोण ते बघा. `https://` नंतर पहिली एकटी तिरपी रेघ येईपर्यंतचा भाग घ्यायचा आणि तो उजवीकडून वाचायचा. शेवटचे दोन तुकडे `quota-check.test`, तेच खरे मालक. डावीकडे आमच्या ऑफिसचं नाव आहे ते नुसती पाटी. पाटी कुणीही कुठल्याही दारावर लावू शकतो. (`.co.in` असेल तर तीन तुकडे धरा.) मोबाईलवर लिंक दाबून धरली की पत्ता दिसतो, पण लांब असेल तर कापलेला दिसतो आणि कापला जातो तो नेमका उजवीकडचा भाग. म्हणून मोबाईलवर मी यावर विसंबत नाही.

सोमवारी, १ ऑगस्टला सकाळी एका हळदीच्या व्यापाऱ्याचा फोन आला. “ताई, फीचं बिल मिळालं, पण खातं दुसऱ्या बँकेचं कसं काय?” आमच्याच मेलवरून, आमच्याच जुन्या पत्रव्यवहाराला उत्तर म्हणून बिल गेलं होतं. त्यांनी विचारलं म्हणून वाचले. दुसऱ्या एकाने साडेबारा हजार भरूनही टाकले होते. त्यांना लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन करायला लावला, तक्रार नोंदवली, पण पैसे तोवर पुढे गेले होते. ती रक्कम सरांनी त्यांच्या फीतून वळती करून दिली. मला एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

मी होस्टिंगवाल्याला फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, पासवर्ड बदला, झालं. बदलला. आठवडा गेला. मग एका गिऱ्हाईकाने विचारलं की बँक खात्याबद्दल दोनदा मेल केला, उत्तर का नाही? माझ्याकडे एकही मेल आलेला नव्हता. ९ ऑगस्टला मी वेबमेलच्या सेटिंग्जमध्ये शिरून एकेक पान उघडून पाहिलं. फिल्टरच्या यादीत एक नियम होता, त्याचं नाव नुसतं एक टिंब. विषयात बँक, इनव्हॉइस किंवा पेमेंट हे शब्द असलेला प्रत्येक मेल इनबॉक्समधून काढून, कुणी कधी उघडत नाही अशा फोल्डरमध्ये टाकायचा आणि त्याची प्रत एका अनोळखी पत्त्यावर पाठवायची. हा नियम सर्व्हरवर बसलेला असतो, त्यामुळे कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्राममध्ये दिसत नाही. आणि पासवर्ड बदलला म्हणून तो पुसला जात नाही. म्हणजे नवा पासवर्ड टाकून आठ दिवस आम्ही निर्धास्त होतो आणि आमची पत्रं तिकडे जातच होती.

तेव्हा कुणी पासवर्ड टाकून बसलं असेल तर हा क्रम धरा. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉग-आउट करा. मग फिल्टर, फॉरवर्डिंग, रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल, जोडलेली ॲप, हे सगळं स्वतः उघडून पाहा. जीमेलमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग ही दोन वेगळी पानं आहेत, एक पाहून थांबू नका. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही आजच बदला.

आता भाऊजी. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, पुण्यात आयटीत आहेत. त्या वर्षी गणपतीला सगळे जमलो तर पानावर बसल्या बसल्या म्हणाले, “ताई, निदान स्पेलिंग तरी बघायचं. खोट्या मेलचं इंग्रजी चुकीचं असतं, एवढं तर शाळेतल्या पोरालाही कळतं.” सगळे हसले. मी वाढत होते, गप्प बसले.

तर भाऊजी, वाचत असाल तर ऐका. दोन्ही मेलचे प्रिंट माझ्याकडे फाइलला लावलेले आहेत. खोट्या मेलचं इंग्रजी धुतल्या तांदळासारखं. लोगो, लाल पट्टी, खाली पत्ता, सगळं जागच्या जागी. आणि पंधरा दिवस आधी आलेली खरी सूचना? यंत्राने थुंकल्यासारख्या चार ओळी, लोगो नाही, नमस्कार नाही, पाठवणाऱ्याच्या जागी सर्व्हरचं वेडंवाकडं नाव. स्पेलिंगच्या आणि दिसण्याच्या कसोटीवर मी खरा मेल कचऱ्यात टाकला असता आणि खोट्याला पाटावर बसवलं असतं.

पाठवणाऱ्याचं नाव बघायचं म्हणाल तर ते कुणीही काहीही लिहू शकतो. जीमेलमध्ये मेलचा मूळ मजकूर उघडून एसपीएफ आणि डीकेआयएम ‘पास’ आहेत का ते बघा, असं सांगणारेही भेटतात. त्या ‘पास’चा अर्थ इतकाच की त्या नोंदीत जे डोमेन लिहिलंय त्याच्या परवानगीने मेल निघाला. चोराने स्वतःचं डोमेन रीतसर विकत घेतलं असेल तर त्याचाही मेल पास होतो.

माझ्या बाबतीत मजकुरात खोटेपणा दाखवणारी खरी जागा एकच होती आणि ती इंग्रजीत नव्हती. ‘सात मेल अडवून ठेवले आहेत’ हे वाक्य. मेलबॉक्स भरला की येणारा मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो, नाहीतर त्याचा सर्व्हर काही काळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. बटण दाबून सोडवावेत असे मेल तुमच्या दाराशी साचत नसतात. मेलबॉक्स कसा चालतो हे माहीत असतं तर मी तिथेच थांबले असते, व्याकरणाने थांबले नसते. (मोठ्या कंपन्यांत संशयास्पद मेल अडवून ठेवण्याची सोय असते हे खरं, पण तिचा जागेशी संबंध नाही.)

तुम्ही विचारताय ते बहुधा गूगलच्या खात्याबद्दल असेल. तिथेही हेच. फुकट मिळणारे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात, आणि १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात, त्यामुळे बऱ्याच जणांचं खातं खरोखरच भरत आलेलं असतं. म्हणूनच हा सापळा चालतो. भरलं तर मेल येणं-जाणं थांबतं, पण चोवीस तासांत काही पुसलं जात नाही. गूगलच्या नियमात मर्यादा ओलांडून दोन वर्षं तशीच राहिल्यावर मजकूर काढला जाऊ शकतो असं आहे. ‘आज रात्री बारापर्यंत’ दिसलं की समजा.

मी काय करते ते सांगते. मेल खरा असो की खोटा, त्यातलं काही दाबायचं नाही. ब्राउझरमध्ये स्वतःच्या हाताने `one.google.com/storage` टाइप करायचं आणि आकडा बघायचा. आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये वर स्वतःच्या नावावर टिचकी मारून आयक्लाउड बघावं, तिथे फुकट ५ जीबी असतात. मेल म्हणतो ९८ टक्के आणि आत दिसतं सहा जीबी, तर विषय संपला. मेल म्हणतो ९८ आणि आतही ९८, तरीसुद्धा मेलमधून जायचं नाही, कारण आता तुम्ही योग्य ठिकाणी आहातच. तिथूनच जागा करा.

दुसरी सवय म्हणजे पासवर्ड ब्राउझरला किंवा पासवर्ड मॅनेजरला भरू द्यायचा. तो लोगोला भुलत नाही, डोमेन जुळलं तरच भरतो. नेहमी आपोआप भरणारा रकाना मोकळा राहिला तर हात मागे घ्या. मी मात्र त्या दिवशी पाठ असलेला पासवर्ड टाइप केला. तसा मॅनेजर कधी कधी खऱ्या पानावरही भरत नाही, मग चिडून हाताने टाकण्याचा मोह होतो. आणि ओटीपी आहे म्हणून निवांत राहू नका. खोटं पान ओटीपीही मागतं आणि त्याच मिनिटाला खऱ्या पानावर वापरून टाकतं. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनेच लॉग-इन करण्याची सोय, असेल तर खोट्या पानाला हे जमत नाही, ती ज्या पत्त्यासाठी बनवली तिथेच चालते.

खोटं पान कधी कधी खऱ्या, नामांकित फॉर्म-सेवेवरही असतं. तेव्हा उजवीकडचे दोन तुकडे अस्सल निघतात. गूगल फॉर्मच्या तळाशी पासवर्ड देऊ नका असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते यासाठीच.

मेसेजचं राहिलं. मला आजवर एसएमएसने स्टोरेजची खरी सूचना एकदाही आलेली नाही. खोट्या तीन आल्या, तिन्हींमध्ये पासवर्डऐवजी कार्डाचा नंबर मागणारी ‘पन्नास जीबी जवळजवळ फुकट’ अशी लिंक होती. त्यातल्या एकीत स्पेलिंगची चूक होती. ती भाऊजींना पाठवली आहे.