ब्रेल पेपर, वाचक आणि आलेखाचा प्रश्न: परीक्षेआधीच्या महिन्यात काय करावं

प्रश्न: मुंबईतल्या एका कॉलेजात यंदा परीक्षा समितीवर आलो आहे. एफ. वाय. बी. ए. ला दोन पूर्ण अंध विद्यार्थी आहेत. एकाला मराठी ब्रेलमध्ये पेपर हवाय, दुसरीला वाचून दाखवणारा आणि लिहून घेणारा माणूस. दोघांचाही अर्थशास्त्राचा पेपर आहे. परीक्षेला महिना आहे. आधी काय काय करून ठेवू?

उत्तर:

सगळे खोली आणि रायटर शोधण्यापासून सुरुवात करतात. तुम्ही तसं करू नका, ती कामं आठवड्यात होतात. आधी पेपर काढणाऱ्या प्राध्यापकांना गाठा आणि विचारा, "सर, तुम्ही पेपर कुठल्या फॉण्टात टाईप करता?"

प्रश्न फालतू वाटेल, पण ब्रेलची बरीच कामं इथेच अडतात. आपल्याकडे मराठी पेपर अजूनही सर्रास जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टांत टाईप होतात. स्क्रीनवर "मागणी" दिसतं, पण फाईलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फक्त त्यांना मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. ब्रेलचं सॉफ्टवेअर मुखवटा बघत नाही, पोटातलं वाचतं, आणि कागदावर कचरा उमटवतं. तपासायची युक्ती सोपी आहे. फाईलमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड आहे. एबीसीडी आणि स्वल्पविरामांची खिचडी दिसली तर पेपर पुन्हा टाईप करावा लागणार, आणि ते आज कळलेलं बरं.

मी परीक्षा विभागात नऊ वर्षं काढली. निवृत्तीनंतरही एकदोन कॉलेजांना या कामात मदत करते. त्यातल्या एका कॉलेजात ही फाईल परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी माझ्या हातात आली, अर्थातच जुन्या फॉण्टात. ब्रेल उमटवणारं यंत्र, म्हणजे एम्बॉसर, त्या वेळी मिळेना. शेवटी एका ओळखीच्या शिक्षिकेने रात्री बसून ब्रेल पाटीवर हाताने पेपर लिहिला. पाटीवर कलमाने उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, कारण टिंबं कागदाच्या दुसऱ्या बाजूला उठतात. रात्रीचा एक वाजलेला. एका ठिकाणी तिच्या हातून अंकचिन्ह राहिलं.

ब्रेलमध्ये आकड्यांना वेगळी अक्षरं नाहीत. आधी अंकचिन्ह द्यायचं, म्हणजे एका अक्षराच्या सहा टिंबांच्या घरातली 3, 4, 5 आणि 6 क्रमांकाची टिंबं, मग पुढची अक्षरं आकडे म्हणून वाचली जातात. चिन्ह राहिलं तर 2 चा "ब" होतो आणि 5 चा "ए", म्हणजे 25 चं "बे". दुसऱ्या दिवशी मुलाने पर्यवेक्षकाला विचारलं, "मॅडम, किंमत बे टक्के वाढली म्हणजे किती?" पर्यवेक्षिका बिचारी त्याच्या हातातल्या कागदावर काय आहे ते वाचूच शकत नव्हती.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी सोडत नाही. ब्रेल पेपर तयार झाला की बोटांनी ब्रेल वाचणाऱ्या, पण त्या मुलाशी ओळख नसलेल्या माणसाकडून तो मोठ्याने वाचून घ्यायचा. आपण समोर छापील प्रत घेऊन बसायचं आणि ओळ न् ओळ ताडून बघायची. आणि परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षकाजवळ छापील प्रत ठेवायचीच. गोपनीयतेची काळजी असेल तर वाचणाऱ्याकडून लेखी हमी घ्या आणि हे वाचन परीक्षा विभागाच्या खोलीतच करा. एम्बॉसिंगलाही तुमचा माणूस यंत्राजवळ उभा राहू दे. ब्रेल आणि सुलभ साहित्याचं काम करणाऱ्या संस्था मुंबईतच आहेत: वरळीला नॅब, आणि सेंट झेवियर्स कॉलेजातलं दृष्टिबाधितांसाठीचं रिसोर्स सेंटर. आजच फोन करा. परीक्षांच्या हंगामात सगळ्यांनाच घाई असते.

कागदाचा हिशोबही आधी करा. ब्रेलच्या एका पानावर साधारण 40 घरांच्या 25 ओळी मावतात, म्हणजे हजारेक घरं. मराठी ब्रेलमध्ये काना, मात्रा, वेलांटी यांनाही स्वतंत्र घर लागतं. त्यामुळे छापील एका पानाची ब्रेलमध्ये अडीच ते तीन पानं होतात आणि चार पानांचा पेपर दहा-बारा पानांवर जातो. नेहमीच्या पाकिटात तो बसत नाही. तो घडी घालून कोंबायचा नाही, त्यावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठाही ठेवायचा नाही. टिंबं दबली की बोटाला ती लागत नाहीत. मोठा खोका घ्या, कागद त्यात उभे ठेवा आणि वर सील लावा.

आता मुख्य मुद्दा. पेपर ब्रेलमध्ये नीट उमटला म्हणून तो अंध मुलाला सोडवता येईलच असं नाही. अर्थशास्त्रात दोन ठिकाणी हमखास घोळ होतो: तक्ता आणि आकृती.

समजा तक्त्यात 2018 ते 2023 अशी सहा वर्षं आडवी मांडली आहेत. एका वर्षाला चार आकडे आणि एक अंकचिन्ह, म्हणजे पाच घरं. दोन रकान्यांत दोन घरं मोकळी सोडायची. एका वर्षामागे सात घरं, सहांची झाली 42. ओळ 40 घरांची, आणि डावीकडचं पिकाचं किंवा वस्तूचं नाव अजून लिहायचंच आहे. ओळ मोडते, शेवटचं वर्ष खाली उतरतं आणि कुठला आकडा कुठल्या वर्षाखालचा ते बोटांना कळत नाही. उपाय म्हणजे तक्ता उभा करायचा: प्रत्येक ओळीत एक वर्ष आणि त्यापुढे त्याचे आकडे. प्रश्न तोच राहतो, फक्त मांडणी बदलते.

आकृतीचं प्रकरण जास्त नाजूक आहे. प्रश्न असा आहे असं धरू: "आकृतीचे निरीक्षण करून समतोल किंमत सांगा." डोळस मूल मागणी आणि पुरवठ्याच्या रेषा कुठे छेदतात ते बघून उत्तर देतं. अंध मुलीसाठी वाचकाने आकृतीचं वर्णन करायचं ठरलं आणि तो म्हणाला, "दोन रेषा तीस रुपयांवर एकमेकींना छेदतात," की उत्तर देऊन झालं! आणि "आकृती आहे, ती सोडून दे" म्हणाला तर तिचे गुण गेले. यातली मधली वाट पेपर काढणाऱ्यानेच आखायची असते. आकृतीऐवजी आकडे द्यायचे:

किंमत 10 असताना मागणी 50, पुरवठा 10.
किंमत 20 असताना मागणी 40, पुरवठा 20.
किंमत 30 असताना मागणी 30, पुरवठा 30.
किंमत 40 असताना मागणी 20, पुरवठा 40.

आता दोन्ही आकडे कुठे सारखे होतात ते तिने शोधायचं. डोळस मुलाला जे शोधावं लागतं तेच तिलाही शोधावं लागतं, ना कमी ना जास्त. "मागणी वक्र काढा" असा प्रश्न असेल तर तिच्या पेपरात "उभ्या आणि आडव्या अक्षावर काय असते, वक्र कोणत्या दिशेने उतरतो आणि का, हे दोन बिंदूंच्या आधारे सांगा" असं लिहायचं. गुण तेवढेच. आणि हा बदललेला प्रश्न मूळ पेपराबरोबरच सीलबंद व्हायला हवा. पर्यवेक्षकाने तिथल्या तिथे सुचेल तसं वर्णन करण्यात दोन्हीकडून अन्याय होतो. "जोड्या लावा"चे दोन गटही शेजारीशेजारी न ठेवता एकाखाली एक घ्या, मग ब्रेलला आणि वाचकाला दोघांनाही सोपं जातं.

आता वाचकाबद्दल. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात. पेपर अडीच तासांचा असेल तर 50 मिनिटं झाली. विद्यार्थिनी स्वतःचा रायटर आणणार असेल तर तो तिच्यापेक्षा एक पायरी खालच्या शिक्षणाचा हवा, असं 2018 च्या सूचनांत होतं. तुम्ही देणार असाल तर दोन दिवस आधी तिची त्याच्याशी भेट घडवायची. याबद्दल विद्यापीठाचं चालू परिपत्रकही बघून घ्या. ती भेट नुसत्या नमस्कारावर संपवू नका. मागच्या वर्षीच्या पेपरातला एक प्रश्न घेऊन अर्धा तास सराव करू द्या. माझ्या अनुभवात पहिल्या दहा मिनिटांतच आकड्यांवरून अडतं. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत भल्याभल्यांची गल्लत होते, आणि हल्लीची मुलं तर "सिक्स्टी नाईन" म्हणून मोकळी होतात. म्हणून ठरवून टाकायचं: आकडा एकदा पूर्ण म्हणायचा, मग सुटा सुटा म्हणायचा, "सहा, नऊ". कंस आला की "कंस सुरू" आणि "कंस पूर्ण". चार पर्याय एकाच सुरात वाचायचे. बरोबर पर्यायावर आवाज नकळत चढतो, वाचणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

सुरुवातीला वाचकाने सगळा पेपर एकदा वाचून द्यायचा, प्रश्नाचे गुण आणि "कोणतेही तीन" यासकट. ब्रेलवाला मुलगा पानं उलटून स्वतः मागे-पुढे जाऊ शकतो, तिला ते करता येत नाही. नंतर ती "तिसऱ्याचा ब पुन्हा" म्हणाली की तेवढंच वाचायचं, कितीही वेळा.

दोघांना एका खोलीत बसवू नका. ती उत्तर सांगत असणार, त्याला ते ऐकू जाणार. तो ब्रेल पेपर वाचून उत्तर रायटरला सांगणार की लॅपटॉपवर टाईप करणार हे आधी विचारा आणि लिहून घ्या. लॅपटॉप असेल तर स्क्रीन रीडर मराठी बोलतो का आणि इंटरनेट बंद आहे का, हे आदल्या दिवशी त्याच्यासमोरच तपासा. खोली निवडताना परीक्षेच्याच वेळेला तिथे दहा मिनिटं बसून बघा. मी एकदा सकाळी अकराला बघून छान शांत खोली घेतली होती, आणि दुपारी तीनला खालच्या हॉलमध्ये फेस्टिव्हलची ढोलाची तालीम सुरू झाली.

राखीव रायटर हवाच. मध्य रेल्वे पावसात कधी बसेल सांगता येत नाही, त्यामुळे एक जण डोंबिवलीचा असेल तर दुसरा कॉलेजजवळ राहणारा घ्या, आणि सरावाला दोघांनाही बोलवा. पेपर सुरू झाल्याची आणि जादा वेळ धरून संपण्याची वेळ उत्तरपत्रिकेवर पर्यवेक्षकाच्या सहीने लिहून घ्या. वरिष्ठ पर्यवेक्षकालाही ती आधी कळवा, नाहीतर शेवटची घंटा झाली की शिपाई खोलीत येऊन उत्तरपत्रिका मागायला लागतो.