मदरबोर्ड गेला म्हणजे लॅपटॉप गेला असं नाही

प्रश्न: लॅपटॉप ५ वर्षांचा आहे. चार्जर लावूनही चालू होत नाही. सर्व्हिस सेंटरवाले मदरबोर्ड बदलायचे १८,५०० सांगतायत. करून घेऊ की नवाच घेऊ?

उत्तर:

१८,५०० देऊ नका. पण लगेच नवा घ्यायलाही धावू नका.

गेल्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपने हेच केलं. सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा बोर्डावरचा बिघडलेला भाग शोधत बसत नाहीत, अख्खा बोर्डच बदलतात. मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर चिप-लेव्हल काम करणाऱ्याकडे गेलो. चार्जरचे १९ व्होल्ट जिथून आत येतात त्या लाइनवरचा एक कपॅसिटर शॉर्ट झाला होता. माझे ३,२०० गेले. अशा शॉर्टची खूण घरीच दिसू शकते: पिन खोचली की चार्जरचा दिवा विझतो, काढली की थोड्या वेळाने परत लागतो. (टाइप-सी चार्जरला ही खूण लावू नका.)

आता हिशोब. तसाच नवा मला ४८,००० ला पडत होता. तो ५ वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला ८००. जुन्यावर ३,२०० आणि नव्या बॅटरीचे ३,६०० मिळून ६,८०० घातले, म्हणजे तो ९ महिने चालला तरी पैसे वसूल. तुमचे १८,५०० वसूल व्हायला मात्र जवळजवळ २ वर्षं लागतील, आणि तेवढ्यात बॅटरी, बिजागरी काहीतरी मान टाकणारच.

एका बाबतीत हा हिशोब फसतो. बोर्डावर पाणी किंवा चहा सांडला असेल, तर एक भाग बदलून भागत नाही, गंज आतून पसरत राहतो. दुकानदाराला बोर्ड मायक्रोस्कोपखाली दाखवायला सांगा. चिपच्या पायांशी हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं बऱ्याच ठिकाणी दिसली तर तिथेच थांबा, नवा घ्या.

बॅटरीही डोळे झाकून बदलू नका. टचपॅड वर उचलला गेला असेल तर ती फुगली आहे, वापरणं लगेच बंद करा. तसं नसेल तर लॅपटॉप सुरू झाल्यावर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा:

```
powercfg /batteryreport
```

त्याने बॅटरी रिपोर्टची फाइल तयार होते, ती उघडा. त्यात `FULL CHARGE CAPACITY` हा आकडा `DESIGN CAPACITY` च्या निम्म्याखाली असेल तरच खर्च करा.

रॅम, एसएसडीचा विचार दुरुस्ती महिनाभर टिकल्यावर. तेव्हाही मी आधी एसएसडी घेईन, कारण लॅपटॉप पुन्हा मेला तर ती बाहेरच्या केसमध्ये घालून वापरता येते. जुनी डीडीआर४ रॅम डीडीआर५ च्या नव्या लॅपटॉपमध्ये बसणार नाही.

आणि दुकानात देण्याआधी एसएसडी काढून घरी ठेवा. बोर्ड तपासायला तिची गरज नसते.