डेंग्यूत ताप उतरल्यावर अंगभर लाल पुरळ आलं तर काय बघायचं?

प्रश्न: मिस्टरांना डेंग्यू आहे, आज सहावा दिवस. काल रात्रीपासून ताप नाही, पण आज दोन्ही पाय आणि हात लालभडक झालेत, खाज पण खूप. पेशी 78 हजार. पुरळ वाढतंय म्हणजे डेंग्यू वाढतोय का? ॲडमिट करू का?

उत्तर:

ताई, पुरळ जरा बाजूला ठेवा आणि आधी चार गोष्टी बघा. पोटात दुखतंय का, उलट्या होतायत का, शेवटची लघवी कधी झाली, आणि हातपाय गार लागतायत का. यातलं एक जरी "हो" असेल किंवा सहा तासात लघवीच झाली नसेल तर हे उत्तर पुढे वाचत बसू नका, त्यांना घेऊन निघा, रात्र असली तरी. चारही ठीक असतील, ते नीट पाणी पीत असतील, बोलत असतील, भूक लागली म्हणत असतील तर हे पुरळ बहुतेक बरं होतानाचं आहे. तरी उद्या रात्रीपर्यंत लक्ष ठेवायचंच, का ते सांगते.

मी मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे, 16 वर्षं झाली, दर पावसाळ्यात जुलै ते नोव्हेंबर आमचा अर्धा वॉर्ड तापाचाच असतो. नातेवाईक पुरळ दाखवायला धावत येतात आणि पोट दुखतंय हे मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत, कारण ते ॲसिडिटीवर ढकललेलं असतं. माझ्या स्वतःच्या घरात हेच झालं.

माझ्या दिरांना सोमवारी ताप आला, 103 पर्यंत, डोळ्यांच्या मागे दुखणं, कंबर मोडल्यासारखी. बुधवारी डेंग्यूची एनएस1 टेस्ट पॉझिटिव्ह. शुक्रवारी सकाळी ताप उतरला, घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, सासूबाईंनी मऊ भात केला. अंगावर पुरळ म्हणाल तर काहीच नाही, पहिल्या दिवशी चेहरा आणि छाती लालसर दिसली होती तेवढीच. दुपारी ते म्हणाले पोटात वरच्या बाजूला दुखतंय, दोन घास खाल्ले ते पण उलटले. मी ड्युटीवरून संध्याकाळी गेले तर पलंगावर बसून माझ्याशी व्यवस्थित गप्पा मारत होते, म्हणून सगळे निवांत. हात हातात घेतला तर बर्फासारखा गार आणि चिकट घाम. नख दाबून सोडलं तर पांढरं झालेलं नख परत गुलाबी व्हायला तीन-चार सेकंद लागले, ते दोन सेकंदाच्या आत व्हायला हवं. सकाळपासून लघवी एकदाच, तीही थोडी आणि गडद. बीपी बघितलं तर 100 वर 84, नाडी 118.

आता हे 100 बघून कुणीही म्हणेल बीपी ठीक आहे, पण डेंग्यूत वरचा आणि खालचा आकडा यातलं अंतर बघायचं असतं. एरवी 120/80 म्हणजे 40 चं अंतर असतं, त्यांचं 16 होतं. 20 किंवा त्याच्या आत आलं की तो शॉक, म्हणजे शरीराला रक्त पुरेनासं झालंय, मग वरचा आकडा कितीही चांगला दिसू दे आणि माणूस कितीही शुद्धीवर बोलू दे. याच्यात फसायला होतं कारण डेंग्यूत माणूस अगदी शेवटपर्यंत नीट बोलत असतो आणि मग एकदम कोसळतो.

होतं काय, तर ताप उतरण्याच्या आसपास, साधारण चौथ्या ते सहाव्या दिवशी (कधी तिसऱ्या, कधी सातव्या), रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपायला लागतात. रक्तातलं पाणी बाहेर पोटात, छातीच्या पोकळीत जाऊन साठतं आणि वाहिन्यांमधे उरतं ते घट्ट रक्त. शरीर बीपी टिकवायला वाहिन्या आवळून धरतं म्हणून खालचा आकडा वर चढतो आणि हातपाय गार पडतात. हा खेळ 24 ते 48 तास चालतो. म्हणून डेंग्यूत ताप उतरला की आम्ही वॉर्डात उलट जास्त सावध होतो, घरी मात्र नेमका तेव्हाच थर्मामीटर कपाटात जातो.

आणि हे झिरपणं पेशींच्या आकड्यावरून कळत नाही. सगळे पेशी पेशी करतात (काही जण तर पांढऱ्या पेशी म्हणतात, प्लेटलेट वेगळ्या, पांढऱ्या पेशी वेगळ्या), पण त्याच सीबीसीच्या कागदावर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट म्हणून एक ओळ असते ती कुणी वाचतच नाही. रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के ते त्यात कळतं. पाणी बाहेर गेलं की हा आकडा चढतो. दिरांचा बुधवारी 41 होता, शुक्रवारी रात्री 52, म्हणजे पावपटीहून जास्त वाढ, आणि 20 टक्के वाढ झाली तरी झिरपणं चांगलंच चालू आहे असं धरतात. पेशी 64 हजार होत्या, तुमच्यापेक्षा फार कमी नाहीत, आणि तरी ते शॉकमधे होते. तुम्ही आधीचा आणि आजचा असे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा आणि ही ओळ बघा. पेशी पडतायत आणि पीसीव्ही चढतोय अशी जोडी दिसली तर डॉक्टरला आजच फोन. पण एक लक्षात घ्या, सलाईन लागलेलं असेल किंवा आतून रक्त जात असेल तर पीसीव्ही चढलेला दिसणार नाही, म्हणून नुसत्या त्या आकड्यावरही विसंबू नका.

दिरांना पहिल्या तासात 500 मिली सलाईन गेलं, मग पीसीव्ही आणि बीपी बघत बघत वेग कमी केला. 52 चा 47, मग 43. प्लेटलेटची एकही पिशवी चढवली नाही, रक्तस्राव नव्हता तर गरजच नव्हती. रविवारी सलाईन बंद केलं, आणि तेही वेळेवर बंद करणं महत्त्वाचं, कारण दोन दिवसांनी बाहेर गेलेलं पाणी आपोआप परत रक्तात येतं आणि वर सलाईन चालूच राहिलं तर छातीत पाणी भरून दम लागतो. घरी हौसेने बाटली लावून घेणारे असतात त्यांच्यासाठी सांगते.

आणि मग रविवारी संध्याकाळी, सगळा धोका टळल्यावर, त्यांच्या अंगावर पुरळ आलं! आधी पावलांवर, मग पोटऱ्या, मग हात. सगळी कातडी लाल आणि मधेमधे गोल गोल पांढरे ठिपके, लाल पाण्यात बेटं दिसावीत तशी. तळहात तळपाय इतके खाजत होते की रात्रभर चादरीवर पाय घासत होते. सासूबाई रडायला लागल्या आणि मी मात्र मनातून शांत झाले, कारण हे पुरळ झिरपणं थांबल्यावर येतं. तुमचं वर्णन वाचून मला हेच वाटतंय, पण न बघता खात्री देणार नाही. कधी कधी पुरळ दोन दिवस आधीही येतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोवरासारखं बारीक, आणि काही जणांना येतच नाही. म्हणून पुरळ आलं म्हणजे सुटलो असंही धरू नका आणि नाही आलं म्हणजे सौम्य आहे असंही नाही.

पुरळाबाबत घरी करण्यासारखी एक गोष्ट आहे. स्वच्छ काचेचा ग्लास घ्या, लाल जागेवर दाबा आणि काचेतून बघा. लाली नाहीशी होऊन कातडी फिकी दिसली तर ते नुसतं रक्त वाहिन्यांमधे भरलेलं आहे. टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके काचेखाली तसेच राहिले तर तिथे बारीक रक्त कातडीत उतरलंय. डेंग्यूत पायांवर असे थोडे ठिपके बऱ्याच जणांना असतात, ते डॉक्टरला सांगा, पण नुसत्या त्याच्यावर धावपळ नको. हिरड्यांतून, नाकातून रक्त, डांबरासारखी काळी शी, उलटीत रक्त, किंवा सुया टोचल्या तिथे मोठाले जांभळे डाग, याला मात्र लगेच हॉस्पिटल. माणूस एकदम सुस्त झाला, विचारलं तर चिडतोय, उगाच तळमळतोय, उठून उभं राहिल्यावर चक्कर येते, दम लागतोय, तरीही तेच. आणि त्यांना आधीपासून डायबेटिस, किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर माझं वरचं सगळं सोडा, यातलं काही नसलं तरी ॲडमिटचं आजच विचारा.

आज आणि उद्या दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं पाजा, ओआरएस, ताक, नारळपाणी, भाताची पेज, आणि लघवीची वेळ कागदावर लिहा. अंदाजे चालत नाही, रात्री सगळे विसरतात. चार ते सहा तासात एकदा आणि फिक्या रंगाची झाली पाहिजे. उद्या सकाळी सीबीसी परत करा. अंग दुखतंय म्हणून ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन अजिबात नाही, गल्लीतल्या दवाखान्यात कमरेत इंजेक्शन देतात ते बऱ्याचदा डायक्लोफेनॅकचंच असतं, नाही म्हणून सांगा. फक्त पॅरासिटॅमॉल. पपईच्या पानांचा रस मात्र आत्ता नको, कडू असतो, उलट्या होतात, आणि मग आम्हाला कळत नाही की उलटी रसाने झाली की आजाराने.

हे उत्तर बाकीचे पण वाचतील म्हणून एक जोडते, ज्यांचा डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे पण ताप आणि पुरळ दोन्ही आहे, त्यांनी काख, जांघ, कंबरेचा पट्टा आणि स्त्रियांनी छातीखाली नीट बघा. बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली, न दुखणारी, दिसली तर तो स्क्रब टायफस असू शकतो. 2018 ला विदर्भात त्याचे पुष्कळ पेशंट निघाले होते. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो, त्याला डॉक्सीसायक्लिन लागतं, आणि खपली दुखत नसल्यामुळे पेशंट स्वतः सांगत नाही. कपडे काढून बघितल्याशिवाय ती सापडत नाही.

आता खाजेचं. गार पाण्यात भिजवलेलं सुती फडकं तळपायांना गुंडाळा, कॅलामाइन लावा, डॉक्टरला विचारून रात्री सेट्रिझिनची एक गोळी, त्याने थोडी झोप पण येते. पण झोप आणि गुंगी यात गोंधळ नको म्हणून गोळी दिल्यावर रात्री एकदा उठवून बोलतं करा आणि लघवीला न्या. नखं कापून ठेवा. खाज दोन-तीन दिवस राहते, मग लाली उतरते, कधी तळव्यांची थोडी सालं निघतात. तेल, हळद, स्टिरॉइडची ट्यूब काही लावू नका.