नुसती ऑटोमॅटिक घेऊन भागेल का, हँड कंट्रोल लागेल?

प्रश्न: दोन्ही पायांत ताकद कमी आहे, पेडल नीट दाबता येत नाही. नुसती ऑटोमॅटिक चालेल का हँड कंट्रोल बसवायला लागेल? कोणती गाडी बघू?

उत्तर: ऑटोमॅटिकने फक्त क्लच जातो हो, ब्रेक आणि एक्सेलरेटर उरतातच. फक्त डावा पाय कमजोर असता तर भागलं असतं, पण तुम्हाला ऑटोमॅटिक आणि हँड कंट्रोल दोन्ही लागणार, आणि गाडी निवडतानाच ते डोक्यात ठेवा.

मला पोलिओमुळे दोन्ही पायांची साथ नाही, १२ वर्षं हातानेच चालवतोय. माझा लिव्हर स्टिअरिंगखाली आहे, पुढे ढकलला की ब्रेक, ओढला की एक्सेलरेटर, आणि दुसरा हात स्टिअरिंगवरच्या नॉबवर. आता एकच लिव्हर म्हटल्यावर ब्रेक धरून एक्सेलरेटर देता येत नाही, आणि हे मला पहिली गाडी घेताना कुणीच सांगितलं नव्हतं. मी घेतली एएमटी, म्हणजे आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, क्लच फक्त मशीन दाबतं. चढावर थांबलो, ब्रेक सोडून लिव्हर ओढेपर्यंत गाडी हातभर मागे! हँडब्रेक ओढू म्हटलं तर दोन्ही हात आधीच अडकलेले.

म्हणून सांगतो, टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी गिअरबॉक्सच्या ऑटोमॅटिक गाड्या बघा, ब्रेक सोडला की त्या आपसूक हळूहळू पुढे सरकतात. तरी चढ जास्त असेल तर तेवढं पुरत नाही, त्यामुळे हिल होल्ड पाहिजेच (ब्रेक सोडल्यावर गाडी एक-दोन सेकंद धरून ठेवतं), आणि पार्किंग ब्रेक बटणाचा आणि थांबल्यावर गाडी आपोआप धरून ठेवणारं ऑटो होल्ड असेल तर सोन्याहून पिवळं. टेस्ट ड्राइव्हला कुणाला तरी चालवायला सांगा, खऱ्या चढावर थांबवा, ब्रेक सोडून एक्सेलरेटरला हात न लावता काय होतं ते बघा.

दुसरं म्हणजे गुडघा. लिव्हरचा रॉड पेडलपर्यंत खाली जातो, तो गुडघ्याला किंवा डॅशबोर्डला अडला तर ब्रेक पूर्ण दाबलाच जात नाही. माझ्या गाडीत पहिल्यांदा बसवला तेव्हा शेवटचं बोटभर अंतर राहत होतं, म्हणून फिटिंग परत काढून घेतलं. इंजिन बंद करून ब्रेक तीन-चार वेळा दाबलात की पेडल दगडासारखं कडक होतं, इंजिन अचानक बंद पडलं तर तेवढा जोर तुमच्या हाताला काढावा लागेल, तो निघतोय का बघा.

व्हीलचेअर वापरत असाल तर तिच्या सीटची आणि गाडीच्या सीटची उंची टेपने मोजा, फार फरक असेल तर रोज सरकून बसताना खांदे दुखतात. उंच गाडीचा मोह आवरा.

आणि पैसे भरायच्या आधी हँड कंट्रोल बसवणाऱ्यालाच गाडी दाखवा, लिव्हर कुठे येईल ते त्याला तिथेच हाताने धरून दाखवायला सांगा. लायसन्स आणि इन्शुरन्सवर बदल नोंदवायचं तेव्हाच विचारून घ्या.